लिंबू लावूनही कापलेले सफरचंद तासाभरात पुन्हा तपकिरी का पडते?

तक्रार अशी होती. कापून ठेवलेल्या सफरचंदाच्या फोडी अर्ध्या तासात तपकिरी पडत. लिंबू पिळले तर काही वेळ पांढऱ्या राहत, पण मग काठापासून पुन्हा रंग चढू लागे. घरच्या ओट्यावर जी युक्ती दीड तास टिकत असे, ती गाडीवर पाऊण तासही टिकत नसे. माझ्या भाच्याने, ओंकारने, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत या तक्रारीचा जो पाठपुरावा केला, तो घडला त्याच क्रमाने लिहितो, कारण उत्तराइतकेच त्यातले चुकलेले प्रयत्नही उपयोगाचे आहेत.

भावोजींची फळांची गाडी मालवणच्या जेटीजवळ उभी असते. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या तेथून सुटतात आणि किल्ला पाहून उन्हातून परतलेली माणसे काहीतरी रसाळ शोधत असतात. पावसाळ्यात ही होड्यांची वाहतूक बंद असल्यामुळे दिवाळीची सुट्टी म्हणजे गाडीच्या कमाईचा पहिला मोठा आठवडा. कलिंगड, पपई, अननस आणि सफरचंद यांच्या फोडी कागदी द्रोणात भरून वर चाट मसाला भुरभुरला की डिश तयार होते. आठवीत शिकणारा ओंकार सुट्टीत वडिलांच्या हाताखाली असतो. द्रोण भरणे आणि पैसे घेणे ही त्याची कामे.

गिऱ्हाईक द्रोणातली पपई आणि अननस संपवते आणि सफरचंद काठाला सारून ठेवते, हे वडिलांच्या आधी त्याच्या लक्षात आले. एकदा पुण्याकडच्या एका बाईंनी द्रोण हातात घेऊन त्याला सरळ विचारले, “बाळा, हे कालचे कापलेले आहे का?” फोडी पाऊण तासापूर्वीच्या होत्या. त्याने तसे सांगितले, बाई हसल्या आणि द्रोण परत ठेवून गेल्या. वडिलांनी मग उरलेल्या तपकिरी फोडींवर दोन लिंबे पिळली. फोडी आंबट झाल्या, पांढऱ्या काही झाल्या नाहीत.

भाऊबीजेला मी बहिणीकडे गेलो तेव्हा पाट उचलला जाण्याआधीच ओंकारने मला गाठले. “मामानू, पपई कापून ठेवली तर काय होत नाय. मगे सफरचंदच कित्याक काळा पडता?” मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे उत्तर देण्याचा मोह झाला होता. पण त्याच वेळी त्याची आजी मागच्या पडवीत केळफूल चिरत बसली होती आणि चिरलेले फूल बाजूच्या ताकाच्या पाण्यात टाकत होती. मी त्याला म्हटले, आधी आजीला विचार की ती हे पाण्यात का टाकते. आजीने मान वर न करता सांगितले, “ताकाच्या पाण्यात घातला नाय तर काळा पडता.” वांगी चिरून मिठाच्या पाण्यात टाकणे, कच्ची केळी चिरल्याबरोबर पाण्यात सोडणे, हेही त्याने जन्मापासून पाहिलेले होते. सफरचंद कोकणातले फळ नव्हे, ते घाटावरून ट्रकमधून येते, म्हणून घरातला हा नियम त्यालाही लागू असेल असे गाडीवर कोणालाच सुचले नव्हते.

नेमके काय घडते

आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशीची आकृती असते, ती आम्ही उघडली. सफरचंदाच्या गरातील पेशीत फिनॉल वर्गातले पदार्थ रिक्तिकेत साठवलेले असतात. याच पदार्थांमुळे फळाला किंचित तुरट चव येते. त्यांच्यावर क्रिया करणारे विकर मात्र त्याच पेशीच्या लवकांत, म्हणजे वेगळ्या कप्प्यात असते. या विकराचे नाव पॉलिफिनॉल ऑक्सिडेज, आणि त्याच्या कामाच्या जागी तांब्याचे अणू असतात. फळ अखंड आहे तोवर हे दोघे एकमेकांना भेटत नाहीत. सुरीने पेशी फुटल्या की रिक्तिकेतला रस आणि लवकांतले विकर एकत्र सांडतात आणि वरून हवेतला ऑक्सिजन मिळतो. विकर त्या ऑक्सिजनच्या साहाय्याने फिनॉलचे क्विनोनमध्ये रूपांतर करते. क्विनोन स्वस्थ बसत नाहीत. ते एकमेकांना आणि आसपासच्या प्रथिनांना जोडले जाऊन मोठे, तपकिरी रेणू बनवतात. फोडीवर दिसणारा रंग तो हाच.

म्हणजे रंग येण्यासाठी फिनॉल, विकर आणि ऑक्सिजन हे तिन्ही एकाच जागी लागतात, आणि यांपैकी एकाला जरी अडवले तरी काम थांबते. कलिंगडात या दोन पदार्थांची जोडी जवळजवळ नसतेच. अननसाचा रस आंबट असून त्यात विकराला रोखणारे इतरही घटक असतात. (चहाच्या कारखान्यात नेमकी हीच क्रिया मुद्दाम घडवून आणतात. पाने चुरून हवेत ठेवली की ती तपकिरी पडतात, आणि आपण त्यालाच काळा चहा म्हणतो. एकाच्या गाडीवरचा दोष दुसऱ्याच्या कारखान्यातला माल असतो.)

वडिलांचा लिंबाचा प्रयोग का फसला, हेही यातून कळते. क्विनोन तयार होईपर्यंत गाडी उलटी फिरवता येते, कारण लिंबातले ‘क’ जीवनसत्त्व क्विनोनला पुन्हा रंगहीन फिनॉल बनवते. पण क्विनोन एकमेकांना जोडले जाऊन तपकिरी रेणू बनले की जीवनसत्त्वाचे त्यांच्यापुढे काही चालत नाही. लिंबू लावायचे ते कापल्यावर लगेच, पहिल्या मिनिटात. रंग दिसू लागल्यावर लावलेले लिंबू फक्त चव बिघडवते.

एकाच सफरचंदाच्या सहा फोडी

दुसऱ्या दिवशी सकाळी ओंकारने ओट्यावर सहा बशा मांडल्या. मी त्याला एकच अट घातली होती, ती म्हणजे सहाही फोडी एकाच सफरचंदाच्या असाव्यात. दोन सफरचंदांत, अगदी एकाच पेटीतल्या दोन सफरचंदांतही, फिनॉल आणि विकर यांचे प्रमाण सारखे नसते. जातीजातींत तर मोठा फरक असतो. वेगवेगळी फळे घेतली असती तर उपायाचा गुण कोणता आणि फळाचा कोणता, हे सांगता आले नसते.

पहिली फोड तशीच ठेवली. दुसरी साध्या पाण्यात बुडवून ठेवली. तिसरी लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून बाहेर काढली. चौथी मिठाच्या पाण्यात, अर्ध्या लिटरला एक सपाट लहान चमचा मीठ या प्रमाणात, पाच मिनिटे ठेवली. पाचवी उकळत्या पाण्यात मिनिटभर धरून लगेच गार पाण्यात टाकली. या पाचही स्टीलच्या सुरीने कापल्या होत्या. सहावी आजीच्या लोखंडी विळीवर कापून पहिलीसारखीच उघडी ठेवली.

पहिल्या फोडीवर दहा-बारा मिनिटांत पिवळट झाक आली आणि अर्ध्या तासात ती गाडीवरच्या फोडींसारखी दिसू लागली. पाण्यातली फोड पाण्यात असेपर्यंत जवळजवळ पांढरी होती, पण बाहेर काढल्यावर तिचाही रंग पहिलीच्याच वेगाने बदलला. पाणी विकराला मारत नाही, फक्त हवा अडवते. तेही पूर्णपणे नाही, कारण सफरचंदाच्या आकारमानाचा साधारण पाव भाग पेशींमधल्या हवेने व्यापलेला असतो. सफरचंद पाण्यावर तरंगते ते त्यामुळेच.

लिंबाची आणि मिठाची फोड तास-सव्वा तास चांगली राहिली आणि मग काठाकडून बदलू लागली. उकळत्या पाण्यातल्या फोडीचा पृष्ठभाग दुपारपर्यंत तपकिरी पडला नाही. ओंकारने ती मधोमध चिरली तेव्हा आतला नवा पृष्ठभाग थोड्या वेळात तपकिरी झाला, कारण मिनिटभरात उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचली नव्हती. सहापैकी ही फोड मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रंग नुसत्या हवेमुळे आला असता तर उकळण्याने काहीच फरक पडला नसता. उष्णतेने निकामी होणारे काहीतरी फळात आहे, हे त्या एका फोडीने दाखवले. अर्थात, कच्च्या फळाच्या डिशसाठी तिचा उपयोग नाही. तिचा पृष्ठभाग शिजून मऊ पडला होता.

विळीवर कापलेल्या फोडीवर तपकिरी रंगाबरोबर निळसर काळ्या रेषा उमटल्या, आणि त्या नेमक्या पात्याच्या वाटेने होत्या. हा वेगळा दोष आहे. लोखंडाचे सूक्ष्म कण फळातल्या तुरट पदार्थांशी संयोग पावून काळपट रंग देतात. हिरडा आणि लोखंड यांपासून पूर्वी शाई करत, तिचे तत्त्व हेच. या रेषांना विकराची गरज नसते. गाडीवरच्या काही फोडींवर अशाच रेषा ओंकारने आधी पाहिल्या होत्या, आणि आठवू लागल्यावर कळले की गर्दीच्या वेळी स्टीलची सुरी अननसात गुंतलेली असली की वडील लोखंडी सुरी उचलत. त्याच संध्याकाळी ती सुरी फक्त कलिंगडासाठी बाजूला ठेवण्यात आली. स्टीलच्या सुरीला धारही लावून घेतली, कारण बोथट पाते पेशी कापण्याऐवजी चिरडते, आणि जितक्या जास्त पेशी फुटतील तितका रस आणि विकर जास्त सांडते.

लिंबाचा गुण संपतो कसा

लिंबू दोन वेगळ्या कामांनी उपयोगी पडते, आणि दोन्ही कामे थोड्या वेळाने संपतात. पहिले काम आम्लाचे. हे विकर सामू ५ ते ७ च्या आसपास सर्वांत जोमाने काम करते, आणि सामू ३ च्या खाली उतरला की जवळजवळ थंडावते. सफरचंदाचा स्वतःचा सामू साधारण ३.३ ते ४ असतो, म्हणजे फळ आंबट असले तरी विकराला थांबवण्याइतके आंबट नसते. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ असल्यामुळे फोडीच्या पृष्ठभागावर तो तात्पुरता खाली येतो. पण आतल्या पेशींचा रस हळूहळू पृष्ठभागावर झिरपतो आणि तो सामू पुन्हा वर सरकवतो. शिवाय लिंबातले सायट्रिक आम्ल विकरातल्या तांब्याला थोडेफार बांधून ठेवते, पण त्यालाही मर्यादा आहे.

दुसरे काम ‘क’ जीवनसत्त्वाचे, म्हणजे क्विनोनला परत फिनॉल करण्याचे. हे करताना जीवनसत्त्व स्वतः खर्च होते. ते शिल्लक आहे तोवर विकर आपले काम करत असते, फक्त त्याचा परिणाम दिसत नाही. ते संपले की रंग दिसू लागतो. म्हणूनच लिंबू लावलेल्या फोडी तासभर जशाच्या तशा राहतात आणि मग एकाएकी बिघडल्यासारख्या वाटतात. दोन रसाळ लिंबांच्या रसात हे जीवनसत्त्व साधारण २० मिलिग्रॅम असते. औषधाच्या दुकानातल्या एका गोळीत ५०० मिलिग्रॅम असते.

हा आकडा ऐकल्यावर ओंकार तडक चघळायच्या गोळ्या घेऊन आला आणि त्याने दोन गोळ्या पेलाभर पाण्यात विरघळवल्या. फोडी टिकल्या खऱ्या, पण गोळीतल्या रंगाने त्या नारिंगी झाल्या आणि त्यांना संत्र्याच्या गोळीचा वास आला. मग त्याने विचारले की तुमच्या प्रयोगशाळेत ही पांढरी पूड असेल ना. ती होती, पण मी आणली नाही. प्रयोगशाळेच्या बाटलीतला पदार्थ शुद्ध असला तरी तो खाण्यासाठी तयार केलेला आणि हाताळलेला नसतो; अन्नात घालायचा पदार्थ खाण्याच्या दर्जाचा म्हणून विकला जाणाराच हवा. कापलेली सफरचंदे पाकिटात भरून विकणारे कारखाने कॅल्शियम ॲस्कॉर्बेट वापरतात. त्यातले ॲस्कॉर्बेट म्हणजे हेच जीवनसत्त्व, आणि कॅल्शियममुळे फोड करकरीत राहते. गाडीवर तो खटाटोप परवडणारा नव्हता.

आजीने आगळ वापरून पाहायला सांगितले. कोकमाचा हा खारवलेला रस लिंबाइतकाच आंबट असतो आणि त्यात मीठही असते, म्हणजे तत्त्वतः सल्ला अचूक होता. फोडी गुलाबी झाल्या. आजीला त्या आवडल्या, पण पर्यटकाला गुलाबी सफरचंदाचा खुलासा करत बसण्याची भावोजींची तयारी नव्हती.

शेवटी ठरले ते लिंबू आणि मीठ एकत्र वापरण्याचे. मिठातला क्लोराइड या विकराला अडथळा करतो आणि माध्यम आंबट असले की तो अडथळा वाढतो, त्यामुळे हे दोघे वेगवेगळे वापरण्यापेक्षा एकत्र अधिक कामाचे ठरतात. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, दोन लिंबांचा गाळलेला रस, म्हणजे तीन ते चार मोठे चमचे, आणि एक सपाट लहान चमचा मीठ. फोडी कापताकापताच त्यात पडायला हव्यात. पाच मिनिटांनी झाऱ्याने काढून, निथळून, झाकणाच्या डब्यात ठेवायच्या. घरी या फोडी दीड तासाच्या पुढे नीट राहिल्या आणि चवीत आंबट-खारटपणा जेमतेम जाणवला. चाट मसाल्याखाली तोही लपला.

घरी चालते, गाडीवर चालत नाही

आणि इथे खरी पंचाईत झाली. तेच पाणी, तेच प्रमाण, तीच सुरी, पण गाडीवर सकाळी नऊच्या फोडी ठीक राहिल्या, अकराच्या फोडी पाऊण तासात बदलल्या आणि बाराच्या तर अर्ध्या तासात. ओंकारचा पहिला तर्क उन्हाचा होता. तो अंशतः बरोबर होता, कारण उष्णता वाढली की ही क्रिया वेग घेते. पण गाडीवर ताडपत्री होती आणि घरातली व बाहेरची हवा यांत इतका फरक नव्हता. त्याने बर्फाचा डबा खाली ठेवून पाहिला. फोडी थोड्या सुधारल्या, तरी नऊ आणि बाराच्या फोडींमधला फरक तसाच राहिला.

मी त्याला फोनवर विचारले की घरी आणि गाडीवर नेमके काय काय वेगळे आहे, ते एकेक करून सांग. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. घरी तो प्रत्येक वेळी नवे पाणी करत होता, गाडीवर सकाळी केलेले पाणी दुपारपर्यंत चालत होते. आणि घरी काचेचा वाडगा होता, गाडीवर घरातले जुने पितळी पातेले.

“कल्हई आहे का त्याला?”

“थोडी आसा. तळाक गेली.”

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कल्हई उडालेल्या जागी आंबट पाणी तांब्याला लागते आणि तांबे त्यात उतरते. तांब्याच्या अगदी थोड्या अंशानेही ‘क’ जीवनसत्त्व हवेशी झपाट्याने संयोग पावून निकामी होते. म्हणजे ज्या पदार्थाने फोडीवर खर्च व्हायचे तो पातेल्यातच संपत होता. रंगाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हे पाणी वापरणे धोक्याचे होते, कारण आंबट पदार्थात उतरलेले तांबे पोटात गेले तर मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. उगाच नाही आपल्या घरांतून कल्हई नसलेल्या भांड्यात आमटी-कढी ठेवत नाहीत. ते पातेले मी त्याच क्षणी बंद करायला सांगितले.

पण पाणीही बदलायला हवे की नुसते भांडे, हे ओंकारला समजून घ्यायचे होते, आणि हा हट्ट मला आवडला. दोन गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर कोणतीने काम केले ते कळले नसते. दुसऱ्या दिवशी त्याने स्टीलचे पातेले घेतले आणि पाणी मात्र सकाळचेच दुपारपर्यंत ठेवले. बाराच्या फोडी आदल्या दिवशीपेक्षा बऱ्याच चांगल्या राहिल्या, पण नऊच्या फोडींइतक्या नव्हेत. तिसऱ्या दिवशी स्टीलच्या पातेल्यात दर तासाला नवे पाणी केले आणि तो फरक गेला. म्हणजे मुख्य दोष भांड्याचा होता आणि उरलेला पाण्याचा. एकाच पाण्यात फोडींच्या खेपांवर खेपा बुडवल्या की सफरचंदाचा रस त्यात मिसळत जातो, पाण्याचा आंबटपणा पातळ होतो आणि जीवनसत्त्व खर्ची पडते. शिवाय हात लागलेले तेच ते पाणी तासन्‌तास वापरणे स्वच्छतेच्या दृष्टीनेही वाईट.

फोड पांढरी राहू लागली, आता घड्याळ कुठे?

एक अडचण यानंतर उभी राहिली, जिचा मी आधी विचार केला नव्हता. तपकिरी पडलेली फोड सडलेली नसते. रंगाने ती खाण्यास अपायकारक होत नाही. चवीत आणि जीवनसत्त्वात थोडी घट होते, एवढेच. पण तिचा रंग गिऱ्हाइकाला निदान इतके तरी सांगत होता की ही कापून बराच वेळ झाला आहे. लिंबू-मिठाच्या पाण्याने ती खूण पुसली जाते. जंतू मात्र रंगाची वाट पाहत नाहीत. उघड्या हवेत कापलेले फळ दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नको, असा सर्वमान्य दंडक आहे. मालवणात ऑक्टोबरच्या दुपारी पारा सहज त्या रेषेवर जातो, म्हणून आम्ही एकच तास धरला.

मग सकाळी तीन किलो सफरचंदे एकदम कापून ठेवण्याची पद्धत बंद झाली. होडी किल्ल्याकडे निघाली की परत यायला वेळ असतो. ती जेटीकडे वळताना दिसली की ओंकार चार-पाच सफरचंदे कापायला घेतो. फोडी पाण्यात पाच मिनिटे राहून निथळेपर्यंत माणसे उतरलेली असतात. आधी कापून ठेवायची वेळच उरली नाही, त्यामुळे लिंबाकडून दीड तासाची अपेक्षा करण्याचे कारणही उरले नाही. डब्याच्या झाकणावर तो खडूने कापल्याची वेळ लिहितो. पहिल्या दिवशी भावोजींना ते आवडले नव्हते, “लोकांका कित्याक सांगूचा?” असे ते म्हणाले होते, पण वेळ वाचून डिश घेणारी माणसे पाहिल्यावर त्यांनी खडू पुसला नाही.

एवढे करूनही जे सुटत नाही ते मे महिन्यात दिसले. त्या दिवसांतली सफरचंदे बहुधा शीतगृहातून आलेली असतात. एका पेटीतली फळे बाहेरून लालभडक आणि टणक होती, पण कापताक्षणीच आतून, बियांच्या कप्प्याभोवती तपकिरी निघाली. पाते बाहेर निघण्याआधी रंग हजर होता, म्हणजे हा रंग कापण्यामुळे आलेला नव्हताच. साठवणीच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा वाढला किंवा फळ फार काळ फार थंड राहिले, तर आतल्या पेशी तेथेच मोडतात आणि तीच क्रिया बंद फळात घडून जाते. सालीखाली एकाच बाजूला मऊ तपकिरी चट्टा असेल तर तो प्रवासातला मार असतो आणि तेवढा भाग काढून टाकला की बाकीचे फळ वापरता येते. गाभ्यातला रंग तसा काढता येत नाही. ओंकारने दुसरे फळ कापले, मग तिसरे. तिन्ही तशीच निघाली. त्याने लिंबाच्या पातेल्याकडे हात नेला नाही. पेटीवर खडूने फुली मारली, ती गाडीखाली सरकवली आणि घाऊक व्यापाऱ्याला फोन लावायला वडिलांना हाक मारली.